हिमयुग ठरतं उन्हाळ्यावर
प्रश्न: पृथ्वीच्या कक्षेतल्या बारीकशा बदलांनी हिमयुग कसं काय येतं? हिवाळे जास्त कडक होतात का?

हिवाळे नाही, उन्हाळे बघायचे. कॅनडा-स्कँडिनेव्हियात हिवाळ्यात बर्फ पडणारच. प्रश्न एवढाच की तो उन्हाळ्यात पूर्ण वितळतो की नाही. थोडा जरी उरला तरी पुढच्या वर्षी त्यावर नवा थर चढतो. पांढरा बर्फ ऊन परतवतो, त्यामुळे गारवा आणखी वाढतो. हजारो वर्षांत त्याची किलोमीटरभर जाड चादर होते. म्हणूनच सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलानकोविच यांनी ६५ अंश उत्तरेला उन्हाळ्यात किती ऊन पोहोचतं, याचा हिशेब हाताने मांडला. मला त्या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं.

हे ऊन दोन गोष्टींनी मुख्यतः बदलतं. अक्षाचा कल सुमारे ४१,००० वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान हलतो. कल कमी, तर उन्हाळा सौम्य. दुसरं, अक्षाच्या डुलण्यामुळे सूर्याजवळ असण्याचा ऋतू बदलत जातो. आज आपण जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असतो. साधारण ११,००० वर्षांपूर्वी ते उत्तरेच्या उन्हाळ्यात घडायचं आणि तेव्हा हिमचादरी झपाट्याने आटत होत्या.

पुरावा १९७६ साली दक्षिण हिंदी महासागराच्या तळाच्या गाळात मिळाला: सूक्ष्मजीवांच्या कवचांतल्या ऑक्सिजनच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण जगातल्या बर्फानुसार बदलतं, आणि त्यात हीच आवर्तनं दिसली. मात्र सर्वांत ठळक लय निघाली १,००,००० वर्षांची. कक्षेच्या लंबगोलपणाची लय तेवढीच असते, पण त्याने एकूण ऊन जेमतेम बदलतं. कार्बन डायऑक्साइड आणि खुद्द हिमचादरींचा त्यात वाटा आहे, पण नेमकं कोडं अजून सुटलेलं नाही.