केसांना ॲश ब्राऊन कलर केला, महिनाभरात नारिंगी दिसायला लागला. जांभळा शाम्पू लावते तरी जात नाही. काय करू?

ताई, बाटली बदला. जांभळा शाम्पू पिवळेपणा मारतो, नारिंगीला निळाच लागतो. आपले काळे केस ब्राऊनपर्यंत उजळले की नारिंगीवरच थांबतात.

आणि पार्लरवालीला दोष देऊ नका. माझं धुळ्यात पार्लर आहे. जाऊबाईंचे केस मीच केले होते. महिन्यानं वास्तुशांतीला सगळ्या पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या, "तुना कलरच नकली शे!" त्याच कंपनीचा, त्याच शेडचा कलर नाशिकच्या नणंदेला लावला होता, तिचा छान टिकला. फरक पाण्याचा होता. जाऊबाई यावलकडे राहतात, घरात बोअरचं पाणी. नळांवर पांढरा थर, बादलीत साबणाला फेस नाही. त्यात गिझरचं कढत पाणी आणि एक दिवसाआड शाम्पू.

कलर करताना त्यात कालवलेला डेव्हलपर केसांतला मूळ काळा रंग थोडा खातो आणि खाली तांबूस उरतो. वरचा कलर प्रत्येक धुण्यात थोडा निघतो, मग तो तांबूस उघडा पडतो. ट्यूब कितीही महाग असो, हे होणारच. क्षारांचा थर बसला की केस आणखी निस्तेज दिसतात.

मी त्यांचे केस आधी क्षार काढणाऱ्या चिलेटिंग शाम्पूनं धुतले. मग ओलसर केसांवर ॲश ब्राऊन ग्लॉस लावलं, म्हणजे झाक बदलणारा हलका कलर, तेही सौम्य डेव्हलपरमध्ये कालवून, वीसेक मिनिटं. सौम्य अशासाठी, की मूळ रंग पुन्हा उजळला तर नारिंगी आणखी वाढतो. ग्लॉस चार-सहा आठवडे टिकतं, नंतर परत लावावं लागतं. चिलेटिंग मात्र दर आठवड्याला नको, त्यानं कलरही उतरतो. ग्लॉसच्या आधीच करा.

घरी आठवड्यातून दोनदाच धुवा, गार किंवा जेमतेम कोमट पाण्यानं. सल्फेट नसलेला शाम्पू चांगला, पण त्यावर सगळं सोडू नका, नुसत्या पाण्यानंही कलर जातो. आदल्या रात्री खोबरेल लावा, केस पाणी कमी पितात. शेवटचे दोन तांबे आरओ फिल्टरचं पाणी घाला. आरओमधून वाया जाणारं नको, त्यात क्षार जास्त असतात. निळा शाम्पू आठवड्यातून एकदा, तीन-चार मिनिटं. मे महिन्यात बाहेर पडताना स्कार्फ बांधाच, उन्हानंही कलर उडतो.

जाऊबाईंनी हे सगळं केलं आणि कलर टिकला. तरी "नवीन ट्यूब चांगली होती" असंच सांगतात. नवीन ट्यूब नव्हतीच, शेडही तीच होती.

हो, तुमचे हायलाइट्स सोनेरी-पिवळे असतील तर मात्र जांभळाच ठेवा. पिवळ्यावर निळा लावला तर हिरवट झाक येते. आणि ग्लॉसच्या ४८ तास आधी कानामागे लावून बघा, खाज सुटली तर लावूच नका.