थिसिस बाकी आणि परवाना संपतोय: जर्मनीतल्या कार्यालयाला पत्र

"ताई, मुलगा जर्मनीत एम.एस्सी. करतोय. राहण्याचा परवाना 30 सप्टेंबरला संपतो आणि थिसिस अजून बाकी आहे. मुदतवाढीच्या पत्रात काय लिहायचं? उशीर झाला म्हणून परत पाठवतील का?" (एक आई, बडोदा)

थिसिस लांबली, एवढ्या कारणावरून परत पाठवत नाहीत. जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम 16ब प्रमाणे परवाना देणारं परदेशी नागरिकांचं कार्यालय दोन गोष्टी पाहतं: शिक्षण अजून अपुरं आहे का, आणि ते वाजवी काळात पूर्ण होईल का. पत्राने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं.

रावपुऱ्यातल्या एका विद्यार्थिनीची तारीखही हीच होती. तिच्या पहिल्या मसुद्यात दोन पानं क्षमायाचना आणि मानसिक ताणाचं वर्णन होतं, पण थिसिस कधी संपणार ते कुठेच नव्हतं. शिवाय मुदत मागितली होती डिसेंबरअखेरपर्यंतच, म्हणजे थिसिस जमा करण्याच्या दिवसापर्यंत. तपासणी आणि तोंडी परीक्षा त्यानंतर होते, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. असं झालं की तीन महिन्यांत पुन्हा अर्ज करावा लागतो.

आम्ही ते पत्र एका पानाचं केलं, जर्मनमध्ये. त्याचा गाभा असा होता:

"थिसिस सोडून सर्व विषय उत्तीर्ण. थिसिसची नोंदणी 15 मे. प्रयोगशाळेतलं यंत्र बंद पडल्याने परीक्षा विभागाने सहा आठवडे वाढवून दिले. जमा करण्याची तारीख 27 डिसेंबर. तपासणी व तोंडी परीक्षा फेब्रुवारीअखेर. म्हणून 31 मार्चपर्यंत, म्हणजे हिवाळी सत्र संपेपर्यंत, मुदतवाढ मिळावी."

यातल्या प्रत्येक वाक्याला कागद जोडला. गुणपत्रक, परीक्षा विभागाचं मुदतवाढीचं पत्र, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचं चार ओळींचं पत्र. या शेवटच्याला वजन फार. त्यात अपेक्षित तारीख हवीच, नुसतं "काम चांगलं चाललंय" पुरत नाही. हिवाळी सत्राची फी आधी भरून नव्या नोंदणीचा दाखलाही घेतला, कारण जुना सप्टेंबरलाच संपत होता. आरोग्य विम्याचा दाखला आणि पैशाचा पुरावाही लागतो: महिना 992 युरो धरले तर सहा महिन्यांचे 5,952.

मुलाला सांगा, अर्ज 30 सप्टेंबरच्या आत पोहोचलाच पाहिजे. भेटीची वेळ नंतरची मिळाली तरी चालते. अर्ज वेळेत असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना कायद्याने चालू राहतो. म्हणून अर्ज पोहोचल्याची पोच जपून ठेवायला सांगा. ती नसेल तर अर्ज वेळेत होता हे सिद्ध करणं अवघड जातं.

दिवाळीला घरी यायचं असेल तर आधी कार्यालयाकडून "फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग" हा तात्पुरता दाखला घ्यावा. त्यावर त्याच कायद्याच्या कलम 81, पोटकलम 4 च्या चौकटीत खूण केलेली आहे ना, हे तिथेच बघून घ्यावं. त्याच प्रकारावर पासपोर्ट आणि जुन्या कार्डासह जर्मनीत परत जाता येतं.