'माइंड मी आस्किंग' की 'माइंड माय आस्किंग'?

ईमेलमध्ये 'डू यू माइंड मी आस्किंग' असं लिहिलं, तर साहेबांनी 'मी' खोडून 'माय' केलं. माझं खरंच चुकलं होतं का?

नाही. दोन्ही चालतं. बोलताना 'मी' जास्त ऐकू येतं, औपचारिक लेखनात 'माय' जास्त दिसतं, इतकाच फरक. (हा इंग्रजीतला 'मी', आपला नव्हे. देवनागरीत लिहिताना माझाच गोंधळ होतोय.)

'माय'वाल्यांचं म्हणणं असं: समोरच्याला खटकणार आहे ते विचारणं, विचारणारा माणूस नव्हे. 'आस्किंग' इथे नाम आहे, मग त्याच्या आधी षष्ठी हवी, जसं 'माझं विचारणं'. हेन्री फाउलर या इंग्रज कोशकाराने 'मी आस्किंग'सारख्या रचनेला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असं नाव देऊन 1926 च्या आपल्या ग्रंथात तिला चांगलंच झोडपलं. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी लगेच प्रतिवाद केला आणि नामवंत इंग्रजी लेखकांनीच ती रचना वापरल्याचे दाखले समोर ठेवले. माझं मत येस्पर्सनच्या बाजूने. आपणही 'माझं विचारणं चालेल ना?' असं क्वचितच म्हणतो, 'मी विचारलेलं चालेल ना?' हेच तोंडात येतं, आणि त्यात कुणाला व्याकरणाची चूक दिसत नाही.

साहेबांचा नियम डोळे झाकून सगळीकडे लावलात तर मात्र फसाल. 'आय सॉ हिम लीव्हिंग' घ्या. मराठीत आपण 'त्याला जाताना पाहिलं' म्हणतो. पाहिला तो माणूस, म्हणून इथे 'हिज लीव्हिंग' करून चालणार नाही. 'विदाउट एनीवन नोटिसिंग' मध्ये 'एनीवन्स' घातलं तर वाक्य कडक इस्त्री केल्यासारखं वाटतं. आणि 'विदाउट एनी ऑफ अस नोटिसिंग' मध्ये षष्ठीचा प्रत्यय लावायचा तरी कुठे?

उलट वाक्याची सुरुवातच त्या शब्दांनी होत असेल तर षष्ठी शोभते. 'हिज लीव्हिंग सरप्राइझ्ड अस', म्हणजे 'त्याच्या जाण्याचं आम्हाला आश्चर्य वाटलं'. तिथे 'हिम लीव्हिंग' बोलण्यात खपेल, अर्जात किंवा अहवालात डोळ्यांत खुपेल.

मी मुद्रितं तपासतो. लेखकाने 'माइंड मी' लिहिलं असेल तर हात लावत नाही. सरकारी पत्र किंवा प्रबंध असेल तर 'माय' करतो, पण समासात 'चूक' असा शेरा मारत नाही. तुमच्या साहेबांशी वाद नको असेल तर 'डू यू माइंड इफ आय आस्क' लिहा. त्यात 'मी'ही नाही आणि 'माय'ही नाही.