रतीबाच्या दुधाचा दर वाढवताना गिऱ्हाईक कसं सांभाळायचं?

प्रश्न : खानापुरात माझा म्हशीच्या दुधाचा रतीब आहे, ३५-४० घरं. पेंड-कडबा परवडेना, लिटरमागे ५-६ रुपये वाढवायचेत. पण जुनी माणसं आहेत, तोंडावर सांगायला जड जातंय. कसं सांगू म्हणजे घरं तुटणार नाहीत?

येळ्ळूरहून बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात माझा रतीब आहे, ४२ घरं. पहिल्यांदा दर वाढवला तेव्हा मी फार चुकलो, म्हणून आधी तेच सांगतो. एक तारखेला डायरी घेऊन हिशेबाला गेलो आणि सरळ नव्या दरानं बिल सांगितलं. म्हणजे लोकांनी महिनाभर जे दूध जुन्या दराचं समजून प्यालं, त्याचे पैसे मी नव्या दरानं मागितले. सात घरं गेली. त्यातल्या एक कन्नड अज्जी, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितला असतास तर दिले असते की." त्यांनी त्या महिन्याचे पूर्ण पैसे दिले आणि दुसऱ्या दिवसापासून पातेलं बाहेर ठेवलं नाही. ते मला आजही लागतं.

पुढच्या वेळी, २०२५ च्या उन्हाळ्यात, मी ६० चे ६६ केले. तेव्हा काय केलं ते सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी वेळ बघा, कारण दुधाच्या धंद्यात अर्धं काम तिथेच होतं किंवा बिघडतं. पावसाळ्याच्या तोंडावर कधीच वाढवू नका. जून-जुलैत म्हशी ओल्या चाऱ्यावर येतात, फॅट उतरतं आणि साय पातळ धरते. त्यातच दर वाढला की काकू पातेल्यात बघून म्हणणारच, "पैसे वाढवले आणि वर पाणीही घातलं." तुम्ही थेंबभर पाणी घातलेलं नसतं, पण ते पटवून देता येत नाही. गणपती-दिवाळीत घरोघरी जादा दूध लागतं, तेव्हा वाढवलं तर अडवणूक वाटते. थंडीत व्यालेल्या म्हशी जास्त, दूध मुबलक, त्यामुळे दुसरा कोणीतरी कमी दरात द्यायला दारात उभा असतो. राहतो तो मार्चअखेर ते मे. तेव्हा दूध आटलेलं असतं, चारा महाग असतो हे लोकांनाही दिसतं, आणि सुक्या वैरणीवरच्या दुधाला साय दाट येते. त्या वर्षी १ एप्रिलला नंदिनीच्या पिशवीच्या दुधाचा दर लिटरमागे ४ रुपयांनी वाढला होता, त्यामुळे घरात दुधाच्या दराचा विषय निघालेलाच होता. मी मात्र "नंदिनीनं वाढवला म्हणून" असं कुठे म्हटलं नाही. तसं म्हटलं की लगेच "त्यांनी ४ वाढवले, तू ६ का?" हा सवाल येतो. आपलं कारण आपलंच सांगावं.

दर बदलला १ मेला, पण सांगितला १५ एप्रिलला. पंधरा दिवस पुरे होतात. महिनाभर आधी सांगितलं की लोक विसरतात आणि नव्यानं नाराज होतात.

सांगताना आधी दहा-बारा जुन्या घरी मी स्वतः गेलो, पहाटेच्या गडबडीत नाही, संध्याकाळी. चिठ्ठी बाकीच्यांना त्यानंतर. मुलाच्या हातून चिठ्ठी पाठवून जुन्या माणसाला कळवलं की ते मनाला लावून घेतात. चिठ्ठी एकाच कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये केली. आपल्याकडे एका गल्लीत दोन्ही घरं असतात, एकाला त्याच्या भाषेत आणि दुसऱ्याला नाही असं होऊ नये. मजकूर असा होता:

"नमस्कार. १ मेपासून म्हशीच्या दुधाचा दर लिटरला ६० ऐवजी ६६ रुपये होईल. तुमचं रोज अर्धा लिटर आहे, म्हणजे महिन्याला साधारण ९० रुपये जास्त. एप्रिलचं बिल जुन्याच दरानं. सरकी पेंड आणि कडबा महागल्यानं वाढवावं लागतंय. दूध, माप आणि वेळ तीच राहील. रतीब कमी करायचा असल्यास २५ तारखेपर्यंत सांगा, पाव लिटरही घालू."

प्रत्येक घराचा आकडा हातानं घातला. लिटरमागे ६ म्हटलं की प्रत्येकजण मनात वेगळा हिशेब करतो आणि भीतीपोटी जास्तच धरतो. ९० रुपये हा नेमका आकडा दिसला की घरात बोलून ठरवता येतं. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. पूर्वी मी अर्ध्या लिटरखाली रतीब घेत नव्हतो, त्यामुळे हात आखडलेल्या माणसापुढे बंद करणं हाच एक मार्ग असायचा. पाच घरांनी दूध कमी केलं, त्यात दोन एकट्या राहणाऱ्या पेन्शनवाल्या मावशी होत्या. ती घरं टिकली.

दोनजणांनी "मला ६२ नं घाल, कुणाला सांगत नाही" असं म्हटलं. दिलं नाही. कट्ट्यावर चार दिवसांत ते फुटतं आणि मग ६६ देणारा प्रामाणिक माणूस मूर्ख ठरतो. एका गल्लीत एकच दर.

आता भीतीचा हिशेब करून बघा, म्हणजे तोंडावर सांगायला धीर येईल. माझं रतीबाला ४० लिटर जायचं. उरलेलं दूध डेअरीला घालतो, तिथे फॅटवर मला साधारण ४६ पडायचे. म्हणजे रतीबाच्या लिटरमागे डेअरीपेक्षा १४ रुपये जास्त, दिवसाला ५६० रुपये. नव्या दरानं हा फरक २० झाला. ५६० ला २० नं भागलं की २८ लिटर येतात. म्हणजे ४० पैकी १२ लिटर तुटेपर्यंत मी पूर्वीपेक्षा खाली जात नव्हतो. प्रत्यक्षात दोन घरं सुटली, पाचांनी कमी केलं, रतीब ३६ लिटरवर आला. ३६ गुणिले २० म्हणजे ७२०, दिवसाला १६० रुपये जास्त. तुमच्या डेअरीचा दर घालून हाच हिशेब करा. तिथला फरक मोठा असेल तर थोडी घरं तुटली तरी फटका बसतो, हे ध्यानात ठेवा.

दर वाढल्यावर तोंडावर फारसं कोणी बोलत नाही, डायरी बोलते. पुढचे दोन महिने खाडे बघा. महिन्याला दोन खाडे असणाऱ्या घरात सहा-सात झाले, किंवा पाच तारखेला पैसे देणारा पंधरावर गेला, तर तो दुसरीकडचं दूध चाखून बघतोय असं समजा. त्याला तेव्हाच भेटा आणि "साय कशी येते, काही कमी-जास्त आहे काय?" एवढंच विचारा, दराचा विषय आपणहून काढू नका. आणि त्या दोन महिन्यांत पहाटेची वेळ आणि माप काटेकोर सांभाळा. पूर्वी साडेसहाचे सात झाले तर चालायचं, आता ते डोळ्यात येतं. मी मापावर वरून घोटभर घालतो, ते त्या महिन्यांत एकदाही चुकवलं नाही.

सुटलेल्या दोन घरांचा हिशेब मी जुन्याच दरानं मिटवला आणि त्यांच्या दारावरून जाताना हाक मारायचं सोडलं नाही. एक घर श्रावणात परत आलं, सत्यनारायणाला दूध हवं म्हणून. तेव्हा काही न बोलता डायरीत त्यांचं पान पुन्हा उघडलं, ६६ नंच.