टीएमसी ते घनमीटर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. मी ०.३०४८ ने गुणून घनमीटर काढले, तर उत्तर ३,२०८ कोटी आले. मैत्रीण म्हणते चूक आहे. कुठे चुकले?

०.३०४८ हे फुटाचे मीटर करण्यासाठी असते, म्हणजे फक्त लांबीसाठी. पाण्याला लांबी, रुंदी आणि खोली असते, म्हणून हा आकडा तीनदा गुणावा लागतो. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल डबा डोळ्यांसमोर आणा. त्यात २८.३ लिटर पाणी मावते, आणि असे साधारण ३५ डबे ओतले की एक घनमीटर होतो.

टीएमसी म्हणजे असे १०० कोटी डबे. त्यामुळे एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख १६ हजार ८४७ घनमीटर, किंवा पाटबंधारे खात्याच्या भाषेत २८.३१७ दलघमी (दशलक्ष घनमीटर). कोयनेचे गणित मग एका ओळीत:

```
105.25 × 28.317 = 2980.4 दलघमी
```

म्हणजे सुमारे २९८ कोटी घनमीटर. त्याच्या पुढचे आकडे कॅल्क्युलेटर दाखवतो म्हणून लिहू नका. मूळ आकडाच दशांशानंतर दोन अंकी आहे, आणि ०.०१ टीएमसी म्हणजेच जवळपास पावणेतीन लाख घनमीटर.

प्रश्न: तोंडी हिशेबासाठी २८ ने गुणले तर चालेल ना?

लहान तलावाला चालेल. कोयनेला २८ ने गुणलेत तर २९४७ येतात, म्हणजे ३३ दलघमी गायब. तेवढे पाणी टीएमसीत सव्वा एकाच्या जवळपास जाते, खडकवासल्याच्या उपयुक्त साठ्याच्या (१.९७ टीएमसी) निम्म्याहून जास्त! २८.३ ने गुणा. तोंडी करायचे तर ३० ने गुणून त्यातून मूळ आकड्याच्या १.७ पट वजा करा.

प्रश्न: जायकवाडीची क्षमता एका बातमीत १०२ टीएमसी, दुसरीत २१७१ दलघमी होती. २१७१ ला २८.३१७ ने भागले तर ७६.७ येतात. कोण खोटे?

कोणीच नाही. तुमचे भागाकाराचे उत्तर बरोबर आहे, पण दोन्ही आकडे वेगवेगळ्या साठ्यांचे आहेत. २१७१ हा उपयुक्त साठा. त्यात ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे तळाशी उरणारे, एरवी वापरता न येणारे पाणी, मिळवला की एकूण २९०९ होतात, आणि ते २८.३१७ ने भागले की १०२.७ टीएमसी. एकक बदलूनही आकडे जुळले नाहीत की मी आधी हेच तपासतो. बातमीत ‘धरण ६० टक्के भरले’ असते तेव्हा ते टक्के बहुधा उपयुक्त साठ्याचे असतात. एकूण क्षमतेवर ६० टक्के काढलेत तर हिशेब पुन्हा चुकेल.

प्रश्न: आणि क्युसेक?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, तेव्हा ११,५७४ क्युसेक सलग २४ तास वाहिले की एक टीएमसी. २५ हजारांचा विसर्ग दिवसभर चालला तर २.१६ टीएमसी, म्हणजे ६१ दलघमी. धरणातला साठा मात्र तेवढाच घटेल असे नाही, वरून येवाही येत असतो.