वास्तुशांतीची पत्रिका: मुहूर्त, पत्ता आणि गाड्यांची जागा

प्रश्न: जुळे सोलापुरात आमची वास्तुशांत आहे. पत्रिकेत मुहूर्त, पत्ता आणि पार्किंग कसे लिहावे?

उत्तर: मुहूर्त आणि भोजन यांच्या वेळा स्वतंत्र ओळींत लिहाव्यात, अन्यथा पाहुणे मुहूर्ताची वेळ जेवणाची समजतात किंवा उलट. मजकूर असा ठेवता येईल:

‘श्रीकुलदैवत कृपेने आमच्या नूतन वास्तूची वास्तुशांती व गृहप्रवेश (मिती, वार, दिनांक) रोजी सकाळी ९ वाजून १२ मिनिटांच्या शुभमुहूर्तावर योजिला आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहावे, ही नम्र विनंती. स्नेहभोजन: दुपारी १२ ते ३.’

लग्नमुहूर्त, म्हणजे पूर्वेला उगवणाऱ्या राशीवरून धरलेला मुहूर्त, मुंबईच्या पंचांगावरून काढला असेल, तर छापण्यापूर्वी गुरुजींना विचारावे, कारण सोलापूर पूर्वेला असल्याने येथे ती रास सुमारे १२ मिनिटे आधी उगवते.

पत्त्यात घर क्रमांक व सोसायटी यांनंतर, रिक्षावाल्यालाही ठाऊक असलेली एकच खूण द्यावी. नव्या वसाहतीत नकाशाची खूण अनेकदा मागच्या गल्लीत पडते, म्हणून ती स्वतः चालून तपासावी. गाड्यांसाठी शेवटी ‘चारचाकी वाहने कोपऱ्यावरील मोकळ्या जागेत लावावीत, गल्लीत फक्त दुचाकी’ असे स्पष्ट लिहावे. मात्र त्या जागेच्या मालकाची परवानगी आधी घ्यावी.