पहिल्या पुल रिक्वेस्टच्या रिव्ह्यूबद्दल आभाराचा ईमेल

प्रश्न: माझी पहिली पुल रिक्वेस्ट मर्ज झाली. मेंटेनरने खूप बारकाईने रिव्ह्यू केला होता. आभाराच्या ईमेलमध्ये काय लिहू?

उत्तर: त्यांची एकच कमेंट निवडा आणि तिच्यामुळे तुमच्या कोडमध्ये नेमकं काय बदललं ते चार-पाच वाक्यांत लिहा. मी एका छोट्या लायब्ररीचे रिव्ह्यू करतो. नुसतं ‘खूप शिकायला मिळालं’ वाचून कुठली कमेंट उपयोगी पडली ते कळत नाही, आणि मर्ज झाल्यावर ते सांगणारं दुसरं कुणी नसतं. उदाहरणार्थ:

“नमस्कार, फाइल वाचताना मध्येच एरर आली तर माझी `close()` ची ओळ चालणारच नाही, हे तुम्ही दाखवून दिलंत. ती फाइल मी `with open(path) as f:` ने उघडली. मग माझा जुना कोड तपासला, तर तीच चूक आणखी दोन ठिकाणी सापडली. वेळ काढून समजावलंत, मनापासून आभार.”

विषयात पुल रिक्वेस्टचा नंबर टाका, कारण आठवड्याभरात त्यांच्या नजरेखालून बरंच काही गेलेलं असतं. याच ईमेलमध्ये नवी शंका किंवा ‘पुढचं काम सुचवा’ घालू नका; मग आभारही उत्तर द्यायच्या कामांत जमा होतात.

एक मात्र बघा: त्यांनी पत्ता प्रोफाइलवर स्वतः दिला असेल तरच ईमेल करा. `git log` मधून उचलू नका. तिथला पत्ता `users.noreply.github.com` ने संपत असेल तर ईमेल पोहोचणारही नाही. अशा वेळी हाच मजकूर पुल रिक्वेस्टखाली कमेंट म्हणून टाका.